बार परीक्षेच्या संधी अमर्याद, पण दोन वर्षांत परीक्षा किती?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

कायद्याची पदवी घेऊन राज्य वकील परिषदेत नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकाला अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते. ती उत्तीर्ण झाल्यावर व्यवसायाचे प्रमाणपत्र मिळते. तोपर्यंतची सनद तात्पुरती असते आणि तिची मुदत दोन वर्षांची असते. या परीक्षेत नापास होणाऱ्यांविषयी सहसा कोणी लिहीत नाही. नापास झाल्याचे सांगायलाही माणूस लाजतो, आणि आमच्या बार रूममध्ये तर तो विषय निघाला की लगेच बदलला जातो. मी गेली अनेक वर्षे तालुका आणि जिल्हा न्यायालयांत वकिली करतो. माझ्याकडे शिकायला आलेल्या ज्युनियर मुलामुलींच्या निमित्ताने या परीक्षेचे वेळापत्रक, शुल्क आणि फेरपरीक्षेचे नियम मला अनेकदा समजून घ्यावे लागले. त्यातून लक्षात आलेली एक विसंगती आपल्या वाचकांपुढे मांडावी, म्हणून हे पत्र.

भारतीय वकील परिषदेने २०१० साली या परीक्षेचे नियम केले. परीक्षा वर्षातून किमान दोनदा घ्यावी आणि उमेदवाराने ती कितीही वेळा द्यावी, अशी त्यांत तरतूद होती. नापास झाल्यावर अमुक दिवस थांबावे असे बंधन नव्हते. केवळ नियम वाचणाऱ्याला ही पद्धत उदार वाटेल. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या परवाना परीक्षेत प्रत्येक टप्प्याला जास्तीत जास्त चार प्रयत्न मिळतात, चौथ्या प्रयत्नाआधी ठरावीक काळ थांबावेही लागते. आपल्याकडे असे काहीही नाही, याचे समाधान मानायला हरकत नव्हती. पण परीक्षा कोणत्या तारखांना झाल्या हे तपासले की हे समाधान टिकत नाही.

सोळावी परीक्षा ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी झाली, सतरावी ५ फेब्रुवारी २०२३ रोजी, अठरावी १० डिसेंबर २०२३ रोजी, एकोणिसावी २२ डिसेंबर २०२४ रोजी आणि विसावी ३० नोव्हेंबर २०२५ रोजी. दोन परीक्षांमधले अंतर एकदा पंधरा महिने, एकदा दहा महिने, एकदा वर्षाहून थोडे अधिक आणि एकदा अकरा महिने पडले. सहा महिन्यांचे अंतर यांत एकदाही दिसत नाही. नियमात प्रतीक्षा कालावधी नसला तरी उमेदवाराला तो भोगावाच लागतो, आणि तो किती लांबेल हे त्याला आधी कळत नाही.

आता हा हिशेब दोन वर्षांच्या मुदतीशी जोडून पाहू. समजा, एखाद्या मुलीने नोव्हेंबर २०२१ मध्ये सनद घेतली. सोळावी परीक्षा नुकतीच होऊन गेलेली. तिला पहिली संधी मिळते ती थेट फेब्रुवारी २०२३ मध्ये, म्हणजे दोन वर्षांतले जवळजवळ पंधरा महिने गेल्यावर. समजा, ती त्या परीक्षेत थोडक्यात राहिली. निकाल एप्रिलच्या अखेरीस लागला. पुढची परीक्षा १० डिसेंबर २०२३ ला झाली, आणि तिची दोन वर्षे नोव्हेंबरमध्येच संपलेली होती. म्हणजे "कितीही वेळा" परीक्षा देण्याची मुभा असलेल्या या उमेदवाराला मुदतीत प्रत्यक्ष मिळाली एकच संधी. सप्टेंबर २०२३ मध्ये सनद घेतलेल्या मुलाची स्थिती थोडी बरी. त्याला डिसेंबर २०२३ आणि डिसेंबर २०२४ अशा दोन संधी मिळाल्या. तिसरी नोव्हेंबर २०२५ ची, तीही मुदत संपल्यानंतरची. दोघांना लागू असलेला नियम एकच आणि दोघांची मुदतही सारखीच, तरी एकाला दुसरीच्या दुप्पट संधी मिळाल्या. विद्यापीठाने निकाल कधी लावला आणि परिषदेने परीक्षा कधी ठेवली, एवढ्यावर हे ठरले. त्यात उमेदवाराच्या अभ्यासाचा काही संबंध नाही.

मुदत संपली म्हणजे काय, हे वकिली क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. सनद घेताना उमेदवार दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण होण्याची हमी देतो. त्या काळात तो वकीलपत्र दाखल करू शकतो, युक्तिवाद करू शकतो. मुदत उलटली की परीक्षा देण्याचा त्याचा हक्क कायम राहतो, परंतु प्रमाणपत्र हाती येईपर्यंत वकिली करण्याचा अधिकार राहत नाही. दीड-पावणेदोन वर्षांत जोडलेली चार पक्षकारांची ओळख अशा वेळी दुसऱ्या कोणाच्या तरी वकीलपत्रावर जाते, आणि एकदा गेलेला पक्षकार सहसा परत येत नाही, हे कोणीही ज्येष्ठ वकील सांगेल.

निकालाला लागणारा वेळ हाही या प्रतीक्षेचाच भाग आहे. प्रश्नपत्रिका शंभर वस्तुनिष्ठ प्रश्नांची असते. उत्तरे यंत्राने तपासायच्या पत्रिकेवर गोल काळे करून द्यायची असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तरीही फेब्रुवारी २०२३ च्या परीक्षेचा निकाल सुमारे बारा आठवड्यांनी लागला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या परीक्षेचा निकाल पुढच्या मार्चच्या अखेरीस. उत्तरसूचीवर आक्षेप मागवायला वेळ लागतो हे मान्य आहे, परंतु साडेतीन महिने लागावेत असे त्यात काही नाही. शिवाय पुढची परीक्षा कधी हे निकालाच्या दिवशी सांगितले जात नाही. एकोणिसाव्या परीक्षेची तारीख आधी २४ नोव्हेंबर, मग १ डिसेंबर आणि शेवटी २२ डिसेंबर अशी सरकत गेली. सनदी लेखापालांच्या संस्थेने २०२५ पासून अंतिम परीक्षाही वर्षातून तीनदा, जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये घ्यायला सुरुवात केली आहे. त्यांच्या उत्तरपत्रिका तर बव्हंशी दीर्घोत्तरी असतात.

लांबलेल्या प्रतीक्षेचा आणखी एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. या परीक्षेत टिपा नसलेली कायद्याची मूळ पुस्तके, म्हणजे बेअर अ‍ॅक्ट, सोबत नेता येतात. कलम कोणत्या पानावर आहे हे बोटांना पाठ असणे ही या परीक्षेची निम्मी तयारी असते. डिसेंबर २०२३ मध्ये जो नापास झाला त्याने भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांवर ती तयारी केलेली होती. १ जुलै २०२४ पासून तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि डिसेंबर २०२४ च्या परीक्षेत त्यांचाही समावेश झाला. फेरपरीक्षा जून २०२४ च्या आत झाली असती तर त्याला जुन्याच तयारीवर ती देता आली असती. ती न झाल्याने त्याला नवी पुस्तके घ्यावी लागली आणि कलमांचे नवे क्रमांक पुन्हा अंगवळणी पाडावे लागले. कायदे बदलले म्हणून परिषदेला दोष देता येणार नाही, पण मधल्या वर्षभरात एकही परीक्षा झाली नाही, याची जबाबदारी परिषदेचीच आहे.

आता शुल्काविषयी. सर्वसाधारण आणि इतर मागासवर्गीय उमेदवारांना साडेतीन हजार रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना अडीच हजार रुपये भरावे लागतात. नापास झालेल्याने पुढच्या वेळी हीच रक्कम पुन्हा पूर्ण भरायची असते. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ च्या निकालात सनदेचे नोंदणी शुल्क कायद्यात लिहिले आहे तेवढेच घ्यावे, म्हणजे सर्वसाधारण उमेदवारांकडून साडेसातशे आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून सव्वाशे रुपये घ्यावेत, असे स्पष्ट केले. या दोन आकड्यांशेजारी परीक्षेचे शुल्क ठेवून पाहावे. आयुष्यभराच्या सनदेपेक्षा परीक्षेचा एक प्रयत्न सर्वसाधारण उमेदवाराला साडेचार पटींहून महाग पडतो, आणि ज्याला सवलत द्यायची त्याला वीसपट. सवलतीचा हेतू चांगला असेल, पण हिशेब मात्र उलटा झाला आहे.

साडेतीन हजार रुपये फार नाहीत, असे शहरातल्या काही मित्रांचे म्हणणे असते. ज्युनियर वकिलांना शहरी भागात दरमहा किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस परिषदेनेच ऑक्टोबर २०२४ मध्ये केली आहे. ती केवळ शिफारस आहे. तालुक्याच्या न्यायालयात किती सिनियर ती पाळतात, हे मी माझ्यासह कोणालाही विचारू नये, हे बरे. त्यात परीक्षा केंद्रे निवडक मोठ्या शहरांत असल्याने प्रवासाचा आणि एका मुक्कामाचा खर्च येतोच. घटनापीठाने १० फेब्रुवारी २०२३ रोजी ही परीक्षा घेण्याचा परिषदेचा अधिकार उचलून धरला, त्याच निकालात व्यवसायाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या तरुणांना नोंदणीचे शुल्क जाचक होऊ नये, अशी चिंताही व्यक्त केली होती. तीच चिंता परीक्षेच्या शुल्कालाही लागू पडते.

या सगळ्याला एक उत्तर दिले जाते, आणि त्यात तथ्य आहे. पुस्तके उघडून, उणे गुण नसताना, ज्याला पंचेचाळीस टक्के मिळत नाहीत त्याच्या हाती पक्षकाराचे घर किंवा स्वातंत्र्य का सोपवायचे? अठराव्या परीक्षेपासून उत्तीर्णतेची मर्यादा चाळीसवरून पंचेचाळीस टक्के झाली, अनुसूचित जाती-जमातींसाठी ती पस्तीसवरून चाळीस झाली. मला त्याबद्दल तक्रार नाही. ती आणखी वाढवली तरी माझा विरोध नसेल. परंतु परीक्षा कठीण असणे वेगळे आणि ती पुन्हा देण्याची संधी अनिश्चित असणे वेगळे. कठीण परीक्षेने अपुऱ्या तयारीचा उमेदवार गाळला जातो. दुसऱ्या प्रकारात मात्र केवळ सनदेची तारीख गैरसोयीची असलेला, किंवा दुसऱ्यांदा शुल्क भरायला हात आखडणारा उमेदवार गळतो, आणि त्याची पात्रता तपासलीच जात नाही.

म्हणून परिषदेकडे माझे मागणे एवढेच आहे. दोन वर्षांची मुदत दिनदर्शिकेवर न मोजता उमेदवाराला मिळालेल्या संधींवर मोजावी. सनद मिळाल्यानंतर प्रत्यक्ष झालेल्या सलग चार परीक्षा, अशी तात्पुरत्या सनदेची व्याख्या केली तर वर्षातून दोनदा परीक्षा घेणाऱ्या परिषदेच्या दृष्टीने ती दोन वर्षेच होतील. परीक्षा लांबल्या तर लांबणीची झळ उमेदवाराऐवजी व्यवस्थेला बसेल. वर्षातून दोनदा परीक्षा घेण्याची भाषा आता पुन्हा ऐकू येते. ती २०१० च्या नियमांतही होती, त्यामुळे मुदत संधींशी बांधल्याखेरीज तिच्यावर विसंबणे मला कठीण वाटते. दुसरे म्हणजे, फेरपरीक्षेचे शुल्क छपाई, केंद्र आणि तपासणी यांच्या प्रत्यक्ष खर्चापुरते असावे आणि तो खर्च परिषदेने जाहीर करावा. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसू देण्याचा आदेश दिला, त्यामुळे पुढच्या तुकड्यांची पहिली संधी सनदेआधीच पार पडू शकेल. मात्र २०२१ ते २०२५ या वर्षांत सनद घेतलेल्या आणि मुदत उलटलेल्या उमेदवारांना त्याचा उपयोग नाही. त्यांच्यापैकी ज्यांना चार परीक्षा मिळालेल्याच नाहीत, त्यांची तात्पुरती सनद उरलेल्या संधी पूर्ण होईपर्यंत चालू ठेवण्याचा ठराव परिषदेने करावा.

आपला,
एक वकील, सातारा जिल्हा