भेगेच्या टोकाशी काय होतं, त्याबद्दल

प्रिय मन्या,

तुझी शीट काल रात्री नीट बघितली. 12 मिमी जाडीची माइल्ड स्टीलची प्लेट, कडेला 10 मिमीची भेग, ताण 150 मेगापास्कल, आणि त्यावरून भेगेच्या टोकाशी ताण किती तीव्र आहे ते सांगणारा K तू 30 काढलायस (मेगापास्कल रूट मीटर), तो बरोबरच आहे. पण पुढे टफनेस, म्हणजे ज्या K ला भेग पळते तो, 150 धरून पाच पट मार्जिन लिहिलंयस ना, तिथे मी थांबलो. कारण पाच पट म्हणजे प्लेट 750 मेगापास्कलला तुटणार, आणि हे स्टील तर 250 लाच यील्ड होतं, म्हणजे कायमचं ताणलं जायला लागतं! म्हणजे भेग पळायच्या आधीच अख्खी प्लेट लोळागोळा झालेली असेल.

बघ, लिनिअर इलॅस्टिकच्या गणितात भेगेच्या टोकाशी ताण अनंत होतो, खऱ्या स्टीलमध्ये तसं होत नाही, तिथलं मटेरियल यील्ड होऊन मऊ पडतं आणि जेवढा भाग असा मऊ पडला तो प्लॅस्टिक झोन. आयर्विनचा अंदाज सोपा आहे:

rp = (1/π)(K/σy)²

इथे rp म्हणजे झोनची लांबी आणि σy म्हणजे यील्डचा ताण. तुझ्या प्लेटला हा येतो साधारण 4.6 मिमी. म्हणजे 10 मिमीच्या भेगेपुढे तिच्या जवळजवळ निम्म्या लांबीएवढा भाग इलॅस्टिक राहिलेलाच नाही, मग K ने नक्की कुठला ताण सांगायचा? (हे पातळ प्लेटचं सूत्र, जाड प्लेटच्या आत मटेरियल आखडलेलं असतं म्हणून झोन साधारण एक तृतीयांश होतो.)

आता हीच भेग, हाच ताण, पण प्लेट 7075-T6 ॲल्युमिनियमची घे, यील्ड 500 च्या आसपास. K तोच 30, झोन मात्र फक्त 1.15 मिमी, कारण यील्ड दुप्पट झाला की झोन चौपट लहान होतो. टफनेस मोजायच्या ASTM E399 टेस्टमध्ये भेगेची लांबी आणि जाडी 2.5(K/σy)² पेक्षा जास्त लागते, पुढे उरलेला लिगामेंटसुद्धा. ॲल्युमिनियमला ते 9 मिमी येतं, काठावर का होईना पास, तुझ्या स्टीलला 36 मिमी येतं, म्हणजे सरळ नापास. आणि 7075 चा टफनेस साधारण 29 असतो, त्यामुळे ती प्लेट खरंच या लोडला तुटायला आलेली असेल, तिथे K वर विश्वास ठेव.

भेगेची लांबी थोडी वाढवून धरायचं आयर्विनचं करेक्शन मी लावून बघितलं, K 30 चा 34 होतो, पण झोन एवढा मोठा असताना त्याने मूळ दुखणं जात नाही. तू झोन मोठा असतानाही चालणारं J किंवा CTOD हे माप घे, आणि BS 7910 या ब्रिटिश स्टँडर्डच्या डायग्रामवर फ्रॅक्चर आणि प्लॅस्टिक कोलॅप्स दोन्ही एकत्र तपास. माझ्या मते तुझं खरं मार्जिन दीडच्या आसपास निघेल, आणि ते कोलॅप्सचं असेल.

एक मात्र आहे, ही प्लेट कडाक्याच्या थंडीत चालणार असेल तर गोष्ट उलटते, यील्ड वाढतो, टफनेस कोसळतो, आणि तेच स्टील काचेसारखं तुटू शकतं. तेव्हा किमान तापमान किती ते आधी कळव, मग शीट परत करू.

तुझा,
बाळ्या