चारशे नरकासुर आणि एक बादली पाणी: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
गोवा सरकार, यांस,

सप्रेम नमस्कार.

फोंड्यात माझे फ्लेक्स आणि बॅनरचे छोटे दुकान आहे. गेल्या दिवाळीआधी वाड्यावरची नरकासुर मंडळाची पोरे आली. बॅनरसाठी त्यांना नरकासुराचे चित्र हवे होते, तेही एआयने काढलेले. एकाला डोळे लाल हवेत, दुसऱ्याला मिशा पिळदार, तिसऱ्याला मुकुट मोठा. रात्री साडेअकरापर्यंत मी चारशे चित्रे काढली आणि त्यातले एक छापले. घरी जाताना सहज मनात आले, या चारशेंना वीज आणि पाणी किती लागले असेल?

हिशेब वाटतो तेवढा अवघड नाही. चित्रे माझ्याच संगणकावर, ग्राफिक्स कार्डावर निघाली होती. प्लग आणि सॉकेटच्या मध्ये लावायचा वॅटमीटर माझ्याकडे आहे. संगणक नुसता चालू असताना तो 70 वॅट दाखवतो, चित्र निघताना 340. फरक 270 वॅटचा, आणि एका चित्राला लागतात 12 सेकंद. 270 गुणिले 12, भागिले 3600, म्हणजे चित्रामागे 0.9 वॅट-तास. चारशेंचे झाले 0.36 युनिट. पण पोरांचे एकमत होईपर्यंत संगणक सहा तास चालू होता, त्या नुसत्या चालू असण्याचे 0.42 युनिट. चित्रांपेक्षा वाट पाहणेच महाग पडले! (ज्यांच्याकडे मीटर नाही पण एनव्हिडियाचे कार्ड आहे, त्यांना nvidia-smi ही आज्ञा वॅट दाखवते, पण ते फक्त कार्डाचे असतात. बाकीचा संगणक त्यात धरलेला नसतो, म्हणून आकडा कमी दिसतो.)

आता पाणी. आपली वीज बहुतांशी बाहेरून येते, त्यात छत्तीसगडमधल्या कोरब्यासारखी कोळशावरची केंद्रे आहेत. अशा जुन्या केंद्रांना केंद्र सरकारने 2015 मध्ये घालून दिलेली मर्यादा युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची आहे. सगळी वीज तशीच आली असे धरले, तर माझ्या 0.78 युनिटला पावणेतीन लिटर. म्हणजे फोंड्यात नरकासुर रंगला, आणि ओपाच्या प्रकल्पातला एक थेंबही न वापरता त्याचे पाणी तिकडे हसदेव नदीतून गेले असणार.

हीच चित्रे मोबाईलवरून एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर काढली असती तर? तिथे मीटर आपल्या हातात नसतो. 2023 मध्ये संशोधकांनी अनेक मॉडेले मोजली, तेव्हा हजार चित्रांना सरासरी 2.9 युनिट आणि सर्वात खादाड मॉडेलला सुमारे 11.5 युनिट वीज लागली. ‘एक चित्र म्हणजे एक मोबाईल चार्ज’ असे जे फिरते, ते या खादाड मॉडेलवरून आलेले आहे. ते सगळ्यांना लावणे चूक. चारशे चित्रांना या हिशेबाने 1.2 ते 4.6 युनिट होतात. ही मोजणी फक्त यंत्रांची होती. डेटा सेंटरमधल्या थंडाव्याचा वगैरे भार म्हणून मी दीडपट धरतो, आणि तिथल्या कूलिंगच्या पाण्यासाठी यंत्रांच्या युनिटमागे 1.8 लिटर, हा अमेरिकेतला सरासरी आकडा. वीज केंद्राचे आणि कूलिंगचे मिळून पाणी आठ ते बत्तीस लिटर. अर्धी बादली की दोन बादल्या?

एवढ्याने माझी विहीर आटत नाही, हे मलाही कळते. माझी अडचण आहे ती चौपट फरकाची. वीज कुठल्या मॉडेलला किती लागली आणि पाणी कुठून घेतले हे सांगितले, तर हा फरक मिटतो. आणि ते सांगणे कंपनीच्या हातात आहे, माझ्या नाही. शिवाय बत्तीस लिटर जुलैत आणि बत्तीस लिटर मे महिन्यात, टँकरची वाट पाहणाऱ्या घरासमोर, सारखे नसतात. वर्षाची सरासरी हा फरक झाकून टाकते.

म्हणून दोन मागण्या आहेत. सरकारी जाहिरातीच्या ज्या निविदांत एआय चित्रे असतील, त्यांत ठेकेदाराने छापलेली किती, काढलेली किती आणि कुठल्या मॉडेलवर, हे बिलासोबत लिहून द्यावे. माझ्या अनुभवात छापलेल्या एकामागे टाकलेली 399 असतात, आणि ती बिलात कुठेच दिसत नाहीत. दुसरे, गोव्यात कोणी डेटा सेंटर उभारायला आले, तर परवानगीच्या अटीतच दर महिन्याचे युनिट, दर महिन्याचे पाणी, आणि ते पाणी नळाचे, बोअरचे, टँकरचे की प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचे, हे जाहीर करणे घालावे. प्रत्येक महिना वेगळा हवा. मार्च ते मे हे तीन महिने तर मी स्वतः काढून वाचीन.

वॅटमीटर दुकानात ठेवलेला आहे. आपल्या खात्यातले कोणी आले तर चित्र काढून दाखवीन, 12 सेकंद लागतील.

आपला,
एक फ्लेक्सवाला, फोंडा