स्पेलिंगसाठी मुलांना उभं करणं थांबवा : शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री यांस,
स.न.वि.वि.

पाचवी ते आठवीच्या वर्गांत इंग्रजी स्पेलिंगचा सराव म्हणून नेहमी घेतला जाणारा खेळ म्हणजे ‘चुकला तो बाद’. तो बंद करावा आणि त्याच्या जागी दुसरा खेळ यावा, एवढ्यासाठी हे पत्र.

या खेळात ज्याला सरावाची सर्वाधिक गरज, तोच पहिल्या फेरीत खाली बसतो आणि उरलेला तास इतरांकडे बघत काढतो. शिवाय तोंडी स्पेलिंग ही वेगळीच कसरत आहे. शब्द डोक्यात धरायचा, अक्षरांची नावं क्रमाने उच्चारायची आणि ‘ए’, ‘ई’, ‘आय’ यांची गल्लत होऊ द्यायची नाही, तीही सगळा वर्ग ऐकत असताना. इंग्रजी नव्याने शिकणारी मुलं तोच शब्द कागदावर पुष्कळदा बरोबर लिहितात. म्हणजे आपण स्पेलिंग तपासतोय असं समजतो आणि तपासतो धीटपणा.

पर्यायी खेळाला साहित्य फार लागत नाही. चार-चार मुलांचे गट, प्रत्येक गटाला एक कागद, प्रत्येकाच्या हातात साधी पेन्सिल. खोडरबर नाही. शिक्षक शब्द आणि तो वापरलेलं एक वाक्य मोठ्याने सांगतात. दर दहा सेकंदांनी टाळी वाजली की कागद उजवीकडे सरकतो. कागद ज्याच्यापुढे येईल त्याने तीनपैकी एकच गोष्ट करायची : पुढचं एक अक्षर लिहायचं, आधीची एक चूक दुरुस्त करायची किंवा कोपऱ्यात नुसता ठिपका द्यायचा. बोलायचं नाही. एका शब्दाला आठ पाळ्या, म्हणजे कागद दोनदा फिरतो. सहापेक्षा लांब शब्दात एका पाळीला दोन अक्षरं चालतात.

‘फ्रेंड’ हा शब्द घ्या. पहिला एफ लिहितो, दुसरी आर, तिसरा कानाला ऐकू येतं तसं थेट ई, चौथी एन. दुसऱ्या फेरीत पहिला डी लिहितो. आता दुसरीला खटकतं. ती ई-च्या आधी खूण करून वर आय घालते. तिसरा आणि चौथी ठिपके देतात. शब्द बरोबर झाला, गटाला गुण मिळाला आणि तिसऱ्याने आय गाळल्याचं वर्गात कोणाला कळलं नाही. ठिपका ही या खेळातली सगळ्यांत कामाची गोष्ट आहे. ‘काही करायची गरज नाही’ आणि ‘मला येत नाही’ हे दोन्ही त्यात सारखेच दिसतात.

खोडरबर नको म्हणतो ते शिक्षकांसाठी. आय वरून घातलेला दिसला, किंवा कोणी ‘ई-आय’ लिहून पुन्हा ‘आय-ई’ केलेलं दिसलं, की उद्या ‘फील्ड’ आणि तुकडा या अर्थाचा ‘पीस’ हे शब्द घ्यायचे हे ठरतं. तोंडी खेळात ही माहिती हवेत विरून जाते.

एका शब्दाला ऐंशी सेकंद आणि फळ्यावर पाहून तपासायला एक मिनिट धरलं, तर सहा शब्द चौदा मिनिटांत होतात. पाच शब्द शिकवलेले असावेत, एक नवा. सगळेच नवे दिले की कागदभर ठिपके येतात आणि खेळ मरतो.

बिघाड बहुधा दोन ठिकाणी होतो. हुशार मूल दुसऱ्याच्या पाळीला बोट दाखवतं. तसं झालं तर तो शब्द त्या गटापुरता रद्द करावा, रागावू नये. दुसरा बिघाड आपण मोठी माणसं करतो : गटांचे गुण फळ्यावर उतरत्या क्रमाने लिहितो. मग शेवटचा गट आपल्यातला दोषी शोधू लागतो आणि सगळं मुसळ केरात. त्याऐवजी सगळ्या वर्गाची बेरीज करावी. आठ गट आणि सहा शब्द, म्हणजे अठ्ठेचाळीसपैकी किती, आणि मागच्या आठवड्यापेक्षा किती वाढले, एवढंच लिहावं.

चौघांच्या आत मात्र चूक लपत नाही. म्हणून गट शिक्षकांनीच पाडावेत, चिडवणारं मूल कोणाजवळ बसतं ते पाहून. एकेका मुलाला किती येतं हेही या खेळातून कळणार नाही. त्यासाठी आठवड्याला पाच शब्दांची लेखी चाचणी घ्यावी आणि ती शेजाऱ्याकडून न तपासता शिक्षकांनीच तपासावी, गुण मोठ्याने न वाचता.

आमच्या मागण्या दोन. बाद पद्धतीच्या स्पर्धा स्वतःहून नाव देणाऱ्या मुलांपुरत्या ठेवाव्यात आणि त्यांचा वर्गातल्या गुणांशी संबंध नसावा. दुसरी मागणी तुमच्या खात्याच्या थेट हातातली आहे. वर्गतपासणीला आलेले अधिकारी समोर दिसेल त्या मुलाला उभं करून स्पेलिंग विचारतात, आणि त्या एका प्रश्नाच्या धास्तीने शिक्षक वर्षभर मुलांना उभं करून घोकून घेतात. तपासणीच्या सूचनांत हा प्रश्न काढून तिथे ‘मुलांचे लेखी कागद पाहावेत’ असं एक वाक्य घालावं.

आपले,
इंग्रजी शिकवणारे काही शिक्षक