बाबांच्या पीएफबद्दल कंपनीला काय विचारायचं

२२ डिसेंबर २०२४

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, पगारपावत्यांचे आणि पासबुकाचे फोटो मिळाले. पगारातून पीएफ कापला जातोय पण पासबुकात जमा दिसत नाही, ही तुमची शंका बरोबर आहे, फक्त महिने मोजताना एक घोळ झालाय. पासबुकातली शेवटची ओळ ‘Cont. For Due-Month 082024’ अशी आहे. ती ऑगस्टच्या पगाराची नाही, जुलैच्या पगाराची आहे. जुलैचा पीएफ १५ ऑगस्टपर्यंत भरायचा असतो, म्हणून तिथे ०८ दिसतं. नोव्हेंबरच्या पगाराचीही १५ डिसेंबरची मुदत टळली आहे. म्हणजे गहाळ महिने तीन नव्हेत, चार: ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. पत्रात पगाराचेच महिने लिहा, नाहीतर ऑफिसवाले त्यातच गोंधळ काढत बसतील.

आता रक्कम. बेसिक आणि डीए मिळून तुमचे १४,००० होतात. त्याचे १२ टक्के म्हणजे १,६८० तुमच्या पगारातून जातात. मालकानेही तेवढेच भरायचे असतात, पण त्यातले ८.३३ टक्के, म्हणजे १,१६६, पेन्शनच्या खात्यात जातात आणि उरलेले ५१४ पीएफमध्ये. त्यामुळे जुलैपर्यंतच्या ओळींत मालकाच्या रकान्यात ५१४ च दिसतात, ते बरोबर आहे. त्यावर भांडू नका. चार महिन्यांचे तुमचे ६,७२० आणि त्यांचे ६,७२० मिळून १३,४४० रुपये अडकलेत.

पत्र देण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्या. पहिली, passbook.epfindia.gov.in वर आत गेलात की मेंबर आयडी निवडायची यादी येते. तुम्ही ठेकेदारामार्फत स्टोअरमध्ये आहात; ठेकेदार बदलला किंवा त्याने दुसऱ्या फर्मच्या नावाने कामगार दाखवले, तर यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, तोच राहतो पण मेंबर आयडी नवा मिळतो. पैसे त्या दुसऱ्या पासबुकात जमा होत असतात आणि माणूस जुनंच उघडून बसतो. यादीत दोन आयडी असतील तर दोन्ही बघा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मेंबर आयडी २२ अक्षरांचा असतो: आधी पाच अक्षरं पीएफच्या कार्यालयाची, मग सात आकडे आस्थापनेचे, तीन आकडे जोडक्रमांकाचे आणि शेवटचे सात तुमचे. पीएफच्या संकेतस्थळावर ‘Establishment Search’ मध्ये ते आस्थापनेचे सात आकडे आणि फर्मचं नाव टाकलं की ‘View Payment Details’ दिसतं. तिथे कोणत्या महिन्याचं चलन कधी भरलं, किती रकमेचं आणि किती कामगारांचं, हे कुणालाही बघता येतं. त्यासाठी पासवर्ड लागत नाही. कामाच्या मधल्या सुट्टीत मोबाइलवर पाहा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा.

तिथे ऑगस्टपासून एकही चलन नसेल, तर ठेकेदाराने कुणाचाच पीएफ भरलेला नाही. सोबतचेही याच अडचणीत असतील आणि मग पत्रावर चार-पाच जणांच्या सह्या असलेल्या बऱ्या. चलन भरलेलं आहे पण कामगारांची संख्या घटलेली आहे, तर ईसीआरमधून, म्हणजे ठेकेदार दर महिन्याला चढवतो त्या यादीतून, तुमचं नाव गळलं असणार. संख्या तेवढीच असेल, तर तुमच्या ओळीत यूएएन चुकला असण्याची शक्यता बघावी लागेल. अशा वेळी पैसे पीएफ कार्यालयात जमा झालेले असतात, पण भलत्याच्या खात्यात. तिन्हींची दुरुस्ती वेगवेगळी आहे. म्हणून ‘माझा पीएफ जमा नाही’ एवढंच लिहून चालत नाही. उत्तर टाळता येणार नाही असा नेमका प्रश्न विचारायचा.

ठेकेदाराच्या ऑफिसला पत्र असं लिहा. भाषा मुद्दाम सौम्य ठेवली आहे, हा आरोप नाही, विचारणा आहे:

‘मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग. विषय: ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२४ च्या पगारातून कापलेली पीएफ वर्गणी पासबुकात न दिसण्याबाबत. महोदय, माझा यूएएन व मेंबर आयडी खाली दिला आहे. वरील चार महिन्यांत माझ्या पगारातून दरमहा १,६८० रुपये, एकूण ६,७२० रुपये, पीएफपोटी कापले आहेत. २२ डिसेंबर रोजी पाहिलेल्या पासबुकात जुलैच्या पगारानंतर नोंद नाही. कृपया या प्रत्येक महिन्याच्या चलनाचा टीआरआरएन क्रमांक, रक्कम भरल्याची तारीख आणि ईसीआरमधील माझ्या नावाच्या ओळीची प्रत द्यावी. वर्गणी भरली नसल्यास ती कोणत्या तारखेपर्यंत भरणार, ते लेखी कळवावे. १५ दिवसांत उत्तर मिळावे, ही विनंती. सोबत: चार पगारपावत्या व पासबुकाची प्रत.’

तीन प्रती काढा. एकीवर तारखेसह पोच घ्या. शिक्का द्यायला कुरकुर केली तर तेच पत्र ईमेलने किंवा स्पीड पोस्टाने जाऊ दे. तिसरी प्रत मूळ कंपनीच्या, म्हणजे स्टोअरवाल्यांच्या, व्यवस्थापकालाही द्या. ठेकेदाराने नाही भरलं तर भरण्याची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर येते, हे तिथल्या अकाउंटंटला ठाऊक असतं. बहुतेक वेळा हालचाल या प्रतीमुळेच होते. आई, अस्सल पगारपावत्या मात्र तुझ्या फाइलमधून बाहेर जाऊ देऊ नकोस. झेरॉक्सच द्या.

उत्तरं काय येतील, तेही लिहिते. ‘भरलंय, पासबुक अपडेट व्हायचंय’ असं म्हणाले तर टीआरआरएन मागा. चलन भरलेलं असेल तर क्रमांक द्यायला वेळ लागत नाही. एका महिन्याच्या नोंदीला उशीर होऊ शकतो, चार महिने लागोपाठ नाही. ‘तुमचं आधार जोडलेलं नाही’ हे कारणही इथे टिकत नाही. आधार न जोडलेल्या यूएएनची वर्गणी २०२१ पासून भरताच येत नाही आणि तुमची तर जुलैपर्यंत येतच होती. ‘पुढच्या पगारातून कापून एकदम भरतो’ याला सरळ नकार द्या. तुमचा हिस्सा एकदा कापून झालाय, आणि मालकाचा हिस्सा किंवा उशिराचं व्याज-दंड कामगाराच्या पगारातून घेता येत नाही. कोऱ्या किंवा ‘सर्व देणी मिळाली’ छापाच्या कागदावर सही करू नका.

नाव गळलं असेल तर ते पूरक ईसीआर भरून ते महिने चढवू शकतात. काम मोठं नाही. भरल्यावर पासबुकात प्रत्येक ओळ १,६८०, ५१४ आणि १,१६६ अशी जुळते का, ते बघा. पेन्शनचे १,१६६ मुद्दाम तपासा. तुम्हाला अठ्ठावन्न पूर्ण व्हायला वर्षच उरलंय आणि पेन्शनला किमान १० वर्षांची सेवा लागते, त्यात हे महिने मोजले गेले पाहिजेत.

१५ दिवसांत काहीच आलं नाही तर epfigms.gov.in वर यूएएन टाकून तक्रार नोंदवायची. पत्राची पोच, पावत्या आणि चलनांचे स्क्रीनशॉट तिथे जोडायचे. पगार कापून पीएफ न भरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ प्रमाणे विश्वासघाताचा गुन्हा मानला जातो, पण पहिल्या पत्रात त्याचा उल्लेख नको. तुम्हाला अजून वर्षभर तिथे काम करायचंय.

चलनांचे स्क्रीनशॉट मला आधी पाठवा, मग पत्र द्या. चूक कुठली ते कळलं की एखादं वाक्य बदलावं लागेल.

तुमची,
वैशू