सूत्रांवरील सराव परीक्षेच्या उत्तरतालिकेबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, सराव परीक्षा विभाग

विषय : कायद्यातील लॅटिन सूत्रांवरील सराव परीक्षेच्या उत्तरतालिकेत दिलेली चुकीची कारणे आणि त्याबाबत ग्राहक कक्षाने दिलेले उत्तर.

महोदय,

आपल्या ग्राहक कक्षाशी आज झालेल्या संभाषणानंतर फोनवर बोलण्यासारखे काही उरलेले नाही, म्हणून लेखी कळवीत आहे. प्रश्नपत्रिका आणि आपल्या शिक्षकांनी तयार केलेली उत्तरतालिका आपल्याकडे आहेच. माझी तक्रार क्रेनच्या प्रश्नाविषयी आहे. खडक फोडणाऱ्या मजुराच्या डोक्यावरून क्रेनने दगड नेले जातात, त्यातला धोका मजुराला माहीत आहे, तरीही तो काम चालू ठेवतो. एके दिवशी सूचना न देता नेलेला दगड त्याच्यावर पडतो. मालकाला ‘वोलेंटी नॉन फिट इंज्युरिया’, म्हणजे ज्याने धोका संमतीने पत्करला त्याला भरपाई मागता येत नाही, हा बचाव मिळेल का, असा प्रश्न आहे.

हा प्रश्न १८९१ च्या स्मिथ विरुद्ध बेकर या निकालावरून जवळजवळ जसाच्या तसा उचललेला आहे. त्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने मजुराच्या बाजूने निकाल दिला आणि धोका ठाऊक असूनही काम करत राहणे म्हणजे तो धोका पत्करायला संमती देणे नव्हे, असे ठरवले. तरीही आपल्या उत्तरतालिकेत पर्याय ‘अ’, म्हणजे बचाव मिळेल, हे उत्तर बरोबर धरले आहे आणि कारण दिले आहे की ‘शर्यत पाहायला आलेल्या प्रेक्षकाप्रमाणे मजुरानेही धोका जाणूनबुजून पत्करला.’ प्रेक्षक हौसेने येतो आणि मनात आले की उठून जातो. मजूर उठून गेला तर त्याची रोजी जाते. शिवाय इथे निष्काळजीपणा मालकाच्या बाजूचा आहे, कारण दगड डोक्यावरून जात असताना सूचना द्यायची कोणतीही व्यवस्था नव्हती. संमती मोकळेपणाने दिली होती का, हे प्रत्येक प्रकरणात तपासावे लागते. ती नुसत्या माहितीवरून गृहीत धरता येत नाही. पर्याय ‘ब’ मध्ये नेमके हेच लिहिले होते. तो निवडल्याबद्दल माझे गुण उणे झाले.

उरलेल्या पर्यायांची कारणे तर याहून थोर आहेत. पर्याय ‘ड’ चूक का, तर ‘पर्याय अ बरोबर असल्यामुळे.’ पर्याय ‘क’, म्हणजे ‘डॅम्नम सिने इंज्युरिया’ किंवा कायदेशीर हक्क न मोडता झालेले नुकसान, चूक आहे हे मान्य. पण कारण दिले आहे की मजुराला दुखापत झाली, म्हणजेच ‘इंज्युरिया’ घडले. या सूत्रात शारीरिक इजेचा प्रश्न नसून कायदेशीर हक्क मोडला गेला का, हा प्रश्न असतो. आपले कारण पाठ केलेला विद्यार्थी १७०३ च्या अॅशबी विरुद्ध व्हाइटवर हमखास अडखळेल, कारण तिथे कोणाला खरचटलेही नव्हते; मतदाराला मत देऊ दिले नाही, एवढ्यावर त्याला भरपाई मिळाली. चुकीच्या कारणासह दिलेले बरोबर उत्तर पुढचे दोन प्रश्न चुकवते, आणि कारणांसह उत्तरतालिका मिळते म्हणूनच मी ही परीक्षामालिका घेतली होती.

हे सगळे आज मी आपल्या प्रतिनिधींना शांतपणे सांगितले. ते म्हणाले, ‘उत्तरतालिकेत चुका असू शकतात, हे नोंदणीच्या अटींमध्ये लिहिलेले आहे. तुम्ही ते वाचून मान्य केले आहे.’ हे क्रेनच्या तक्रारीचे उत्तर आहे का, असे मी विचारले. ‘कोणती क्रेन?’ असा प्रतिप्रश्न आला. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले. मला बराच वेळ थांबवून ठेवले गेले आणि मग उत्तर आले, ‘शिक्षकांना विचारले. पर्याय अ-च बरोबर आहे, कारण उत्तरतालिकेत तोच दिलेला आहे. आणि चुका असू शकतात हे तुम्हाला आधीपासून माहीत होते.’

माहीत होते, म्हणून मान्य होते! स्मिथविरुद्ध मालकाने केलेला युक्तिवाद आपल्या ग्राहक कक्षाने, अर्थात नकळत, माझ्यावरच चालवला. एखादी चूक राहू शकते, एवढे मी मान्य केले होते. निकालाचे नाव आणि साल सांगूनही ती चूक तशीच ठेवली जाईल, याला मी संमती दिलेली नाही. आपल्या शिक्षकांनी तो निकाल वाचला असता, तर निदान हे उत्तर तरी दुसरे शोधले असते.

या प्रश्नाचे उत्तर ‘ब’ असे दुरुस्त करावे, परीक्षा दिलेल्या सर्वांचे गुण त्यानुसार पुन्हा मोजावेत आणि चारही पर्यायांची कारणे दुसऱ्या शिक्षकांकडून नव्याने लिहून घ्यावीत. ‘अ बरोबर म्हणून ड चूक’ हे कारण होत नाही, हेही त्यांना कळवावे. हे करायचे नसेल, तर उरलेल्या परीक्षांचे शुल्क परत करावे. लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक म्हणून रीतसर दाद मागेन आणि आपल्या प्रतिनिधींचे आजचे उत्तर त्या अर्जात शब्दशः लिहीन.

आपला,
एक नोंदणीकृत परीक्षार्थी