सात लाख सांगू नकोस

चि. मनू,

काल तू फोन ठेवलास, त्यानंतर तुझी आई माझ्याशी बोललेली नाही. तिच्या मते मी तुझा उत्साह मोडला. नव्या नोकरीत तू वर्षाच्या सहा लाखांवरून अकरा मागतेस म्हणून मी ओरडलो नव्हतो गं. तुझी ती मैत्रीण म्हणते ना, "सध्याचा पगार सात सांग, कोण बघतंय," त्यावर माझं डोकं फिरलं.

आधी तुझ्या सहा लाखांची फोड बघू. त्यात साठ हजार व्हेरिएबल आहे, म्हणजे काम बघून मिळणारे, 21,600 कंपनीचा पीएफ आणि साधारण 14,400 ग्रॅच्युइटीचे. उरले 5,04,000, म्हणजे महिन्याला 42,000. त्यातून तुझा पीएफ 1,800 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 गेला की हातात चाळीस. तुलना करायची ती या 42,000 शी.

आता नव्या कंपनीने तोंडी सांगितलेले नऊ लाख घे. तू म्हणालीस, पन्नास टक्के वाढ. पण त्यात एक लाख जॉइनिंग बोनस आहे. तो एकदाच मिळतो आणि वर्षाच्या आत सोडलंस तर बहुतेक ठिकाणी परत घेतात. दीड लाख व्हेरिएबल. पीएफ आणि ग्रॅच्युइटी काढली की महिन्याला 50,800 च्या आसपास उरतात. बेचाळीसवरून पन्नास हजार आठशे, म्हणजे एकवीस टक्के! वाईट नाही, पण पन्नासही नाही. वीस-तीस टक्के हा एचआरचा नेहमीचा पल्ला. चाळीस-पन्नास मिळतात ते हातात दुसरी ऑफर असली किंवा काम येणारी माणसं कमी असली तर.

मग अकरा मागूच नये का? माग. पण टक्क्यांत मागू नकोस. टक्केवारी म्हटली की त्यांचं बोट तुझ्या जुन्या पगारावर जातं आणि तो पगार कॅम्पसच्या 3.6 लाखांवरून रांगत आलाय. आधी विचार, "या पदाचा पे बँड काय आहे?" बँड नऊ ते बारा असेल तर अकरा त्याच्या आतच बसतात. बँडच साडेनऊला संपत असेल तर कितीही भांडलीस तरी उपयोग नाही, कारण त्याच टीममधल्या जुन्या लोकांच्या वर तुला बसवलं तर त्यांना उत्तर कोण देणार? आणि एचआरला नियम मोडता येत नाही, मोडायची मंजुरी मॅनेजर मागतो. म्हणून त्याला वर पाठवता येतील अशी दोन-तीन वाक्यं तू लिहून दे. रात्रीचं बॅचचं काम सहा तासांवरून दोनवर आणलंस ते. या पदावर नेमकं तेच काम आहे ते. एप्रिलचं व्हेरिएबल इथे सोडून येतेस ते. घरभाडं आणि माझं ऑपरेशन त्यात घालू नकोस. ते त्यांच्या कामाचं नाही.

आणि सध्याचा पगार विचारला तर सहाच सांग, फोडीसकट. तीन महिन्यांच्या स्लिपा, फॉर्म 16 आणि बँक स्टेटमेंट मागतात. वाळूजला आमच्या टाइम ऑफिसात एका पोराने आधीच्या कंपनीच्या स्लिपवर बेसिक वाढवून आणलं होतं. कामाला हुशार होता. पण पीएफचा रकाना तसाच राहिला. तिथे पूर्ण बेसिकवर बारा टक्के कापायचे, त्यामुळे कॅल्क्युलेटरवर दोन बटणं दाबली आणि लबाडी उघडी पडली. रुजू झालेला माणूस परत गेला. त्याचे वडील गेटवर आले होते, ते मला अजून दिसतात.

बघ, पुन्हा तिथेच आलो. लेक्चर देतोय, माफ कर. तुला आठवतं, सुट्टीत ऑफिसात माझ्या टेबलावर बसून ओव्हरटाइमच्या रकान्याची बेरीज करायचीस? एकदा साहेबांच्या सहीच्या मस्टरमध्ये तू चूक काढलीस आणि सगळं ऑफिस हसलं होतं. साहेबांनी तुला भेळ आणून दिली होती. परवा शेजारच्या कुलकर्णी काकांना तुझे नऊ लाख मीच सांगून आलोय, आईला कळू देऊ नकोस.

ऑफर लेटर आलं की पगाराची फोड असलेलं पान फोटो काढून पाठव. ते वाचेपर्यंत राजीनामा टाकू नकोस, तुझा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा आहे आणि तोंडी आकडा कुणीही फिरवतो. रविवारी विन्या पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर आईने ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी दिली आहे. डबा परत पाठव, मागचे दोन अजून तुझ्याकडेच आहेत.

आणि मनू, ते सात लाखांचं मनातून काढलंस ना? फक्त हो म्हणून मेसेज टाक.

तुझे,
बाबा