गणेशोत्सव २०२५ : वर्गणीदारांचे आभार आणि जमाखर्च

सर्व वर्गणीदार बंधू-भगिनींना सस्नेह नमस्कार.

६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशीची मिरवणूक निघाली आणि रात्री उशिरा मंडप रिकामा झाला. त्या रिकाम्या मंडपात उभे असताना गेल्या दोन महिन्यांतली दारे डोळ्यांसमोर येत होती. कुणी पावतीपुस्तक बघताच चहा ठेवला, कुणी पगार व्हायचा होता तरी शंभराची नोट काढून दिली, तर मागच्या गल्लीतल्या एका आजींनी पेन्शनमधून दिलेले ५०१ रुपये हातात ठेवून आमच्या पोरांनाच नमस्कार केला. आम्ही तुमचे मनापासून आभारी आहोत. तुमच्या पैशाचा हिशेब तुमच्यापुढे ठेवणे हाही त्याच आभारांचा भाग आहे.

जमा बाजू अशी :
गेल्या वर्षीची शिल्लक १८,४५० रुपये
पावत्यांवरची वर्गणी २,१४,३०० रुपये
दानपेटी २१,३७० रुपये
प्रसादाच्या लिलावाचे ९,२०० रुपये
एकूण २,६३,३२० रुपये

खर्च बाजू अशी :
शाडूची मूर्ती २८,००० रुपये
मंडप ६२,००० रुपये
वीज, रोषणाई व ध्वनी ३१,५०० रुपये
महाप्रसाद ५८,६४० रुपये
स्पर्धांची बक्षिसे १७,२५० रुपये
विसर्जन मिरवणूक २४,००० रुपये
पूजासाहित्य, छपाई व किरकोळ ९,४८० रुपये
एकूण २,३०,८७० रुपये

शिल्लक ३२,४५० रुपये.

या शिल्लकेबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. हे सगळे पैसे आज हातात नाहीत. बँकेत २४,३१० आणि खजिनदारांकडे रोख २,१४० रुपये आहेत. उरलेले ६,००० रुपये तात्पुरत्या वीजजोडणीसाठी भरलेली अनामत आहे. अंतिम बिल वळते झाल्यावर ती परत मिळते, म्हणून ती आम्ही खर्चात धरलेली नाही. खर्चात धरली असती, तर परत आलेल्या पैशाचा माग पुढच्या वर्षी कुणालाच लागला नसता. याउलट लिलावात बोललेले पण अजून न आलेले ४,१०० रुपये जमेत घेतलेले नाहीत. पैसे आले की पावती होईल आणि ती रक्कम पुढच्या हिशेबात दिसेल.

वस्तुरूपाने आलेल्या साखर, तांदूळ, तेल आणि नारळांची नोंद वेगळ्या वहीत आहे. त्यांची किंमत लावून दोन्ही बाजूंना टाकली असती तर आकडे फुगले असते, शिल्लक मात्र तीच राहिली असती. ते देणाऱ्यांची नावे मात्र फलकावर वर्गणीदारांच्या बरोबरीने लावली आहेत.

एक चूक आमच्याकडून झाली होती, तीही सांगतो. पहिल्यांदा ताळा घेतला तेव्हा वहीतली वर्गणी आणि प्रत्यक्ष आलेले पैसे यांत १,८०० रुपयांचा फरक निघाला. पैसे जास्त होते, नोंद कमी होती. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर आधी उलटा लिहिलेला आकडा शोधावा, ही एका निवृत्त बँक कर्मचारी काकांची शिकवण. तीन संध्याकाळी सगळ्या स्थळप्रती वहीशी ताडून पाहिल्या. एका स्थळप्रतीवर ३,१०० रुपये होते, वहीत १,३०० चढले होते. दुरुस्ती करून त्यापुढे दोघांच्या सह्या घेतल्या आहेत. रद्द झालेल्या चार पावत्यांच्या दोन्ही प्रती पुस्तकातच टाचून ठेवल्या आहेत.

मंडपाचा ठराव ५५,००० रुपयांचा होता. पावसामुळे मागच्या बाजूला जादा ताडपत्री आणि फळ्या घ्याव्या लागल्या, त्याचे ७,००० वाढले. महाप्रसादाला चारशे पानांचा अंदाज होता, पण भात दुसऱ्यांदा शिजवावा लागला. कुणीही उपाशी परतले नाही, त्यामुळे या वाढीव खर्चाची आम्हाला खंत नाही. मंडपाचा अंदाज मात्र पुढच्या वर्षी पाऊस धरूनच बांधू.

काहींनी आयकरातल्या ८० जी सवलतीबद्दल विचारले. आपले मंडळ नोंदणीकृत न्यास नाही. धर्मादाय कार्यालयाच्या तात्पुरत्या परवानगीवर आपण वर्गणी गोळा करतो, त्यामुळे आपल्या पावतीवर ती सवलत मिळत नाही. हे वर्गणी घेतानाच सांगायला हवे होते. पुढच्या वर्षी पावतीवरच तसे छापू.

दानपेटी दोनदा उघडली. दोन्ही वेळा मंडळात नसलेले दोन रहिवासी मोजणीला बसले होते आणि त्यांच्या सह्या वहीत आहेत. सगळी बिले, पावतीपुस्तके आणि बँकेचा उतारा दर रविवारी सकाळी दहा ते बारा मारुती मंदिराच्या ओट्यावर पाहायला मिळेल. आपल्या पावतीचा क्रमांक घेऊन या, वहीतली तुमची ओळ आम्ही दाखवू. शिल्लक रकमेचे काय करायचे ते सर्वसाधारण सभेत तुमच्यासमोर ठरेल. तोवर त्यातला एक रुपयाही काढला जाणार नाही.

आपले नम्र,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व कार्यकर्ते